मदत हवी आहे: परतावा कमी का दिला, हे ग्राहकाला पत्रातून कसे समजवावे?

राबाळेकर_देव्हारे

नमस्कार. नवी मुंबईत राबाळे येथे आमचा लाकडी देव्हारे बनवण्याचा छोटा कारखाना आहे आणि आम्ही आमच्याच संकेतस्थळावरून विक्री करतो. कोल्हापूरच्या एका ग्राहकाने देव्हारा परत केला. नियमाप्रमाणे कपात करून आम्ही परवा त्यांचे पैसे परत पाठवले आणि सोबत पुढील मजकूर पाठवला:

"आपण परत केलेल्या मालाची तपासणी पूर्ण झाली असून, कंपनीच्या धोरणानुसार रीस्टॉकिंग शुल्क आणि वाहतूक खर्च वजा करून रु. 4,616 आपल्या खात्यात जमा करण्यात आले आहेत. कृपया नोंद घ्यावी."

त्यांचे उत्तर आले, "मी 7,320 रुपये भरले होते. उरलेले 2,704 रुपये कुठे गेले, ते मला लेखी कळवा." मजकूर मला तरी स्पष्ट वाटत होता. त्यांचे समाधान होईल असे पत्र आज संध्याकाळपर्यंत पाठवायचे आहे. कोणाकडे तयार नमुना असल्यास कृपया द्यावा.

कळवा_पूर्व

ताई, आपल्यावर अन्याय झाला आहे. आपण 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार नोंदवा. पावती, व्यवहाराचा पुरावा आणि त्यांचा हा संदेश हाताशी ठेवा. माझ्या वहिनीला मिक्सरच्या बाबतीत असाच कमी परतावा मिळाला होता आणि तक्रारीनंतर पुढच्याच आठवड्यात उरलेले पैसे आले.

राबाळेकर_देव्हारे

क्षमस्व, मी ग्राहक नाही, विक्रेती आहे. तक्रार झालीच तर ती माझ्याविरुद्ध होईल आणि तेच टाळायचे आहे.

वाशीचा_हिशेबनीस

नमुना देता येईल, पण पत्रात काय लिहायचे हे तीन गोष्टींवर ठरते आणि त्या तिन्ही आपल्या प्रश्नात नाहीत. पहिली गोष्ट, 2,704 रुपये कोणकोणत्या रकमा मिळून झाले? दुसरी, देव्हारा परत का आला? तिसरी, कपातीची अट ग्राहकाला पैसे भरण्याआधी दिसली होती का, आणि दिसली असल्यास कोणत्या शब्दांत? मी गेली अनेक वर्षे घाऊक व्यापाऱ्यांकडे परत आलेल्या मालाचे हिशेब पाहतो. माझा अनुभव असा की पत्र जमत नाही तेव्हा बहुतेक वेळा भाषेत काही चूक नसते, मागचा हिशेबच जमलेला नसतो.

राबाळेकर_देव्हारे

हिशेब बरोबर आहे, तरीही देते. देव्हाऱ्याची किंमत करासह 6,800 आणि ग्राहकाकडून घेतलेले पोहोच शुल्क 520, असे एकूण 7,320 रुपये. त्यातून 15 टक्के रीस्टॉकिंग शुल्काचे 1,098, जाताना कुरियरने आम्हाला लावलेले 690, परत आणण्याचे 743 आणि पेमेंट गेटवेने कापलेले 173 वजा केले. बेरीज 2,704 होते. अट संकेतस्थळावर आहे. परत करण्याचे कारण माप, त्यांच्या कोनाड्यात देव्हारा बसला नाही. यात आमचा काहीही दोष नाही.

खारघर_लॉ

आपला पायाच चुकला आहे. ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे 30 दिवसांत परत आलेला माल विक्रेत्याने घेतलाच पाहिजे आणि संपूर्ण रक्कम दिलीच पाहिजे. कोणतीही कपात बेकायदेशीर आहे. पूर्ण पैसे पाठवा आणि पत्रात क्षमा मागा, एवढाच मार्ग आहे.

वाशीचा_हिशेबनीस

30 दिवसांचा उल्लेख 2019 च्या कायद्यात आहे, पण तो सदोष मालाबद्दल आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष माल परत घेण्यास 30 दिवसांच्या आत नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. चांगला माल ग्राहकाला आवडला नाही किंवा त्याच्या घरात बसला नाही, तर पूर्ण पैसे परत मागण्याचा सरसकट हक्क आपल्याकडे नाही. तिथे विक्रेत्याने आधी जाहीर केलेल्या अटी चालतात. मात्र 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार स्वतःचा माल विकणाऱ्या संकेतस्थळाने परतीची, परताव्याची आणि परतीच्या वाहतूक खर्चाची माहिती ग्राहकाला ठळकपणे दाखवणे अपेक्षित आहे. म्हणून "अट संकेतस्थळावर आहे" एवढ्याने भागत नाही. ती कुठे आहे आणि तिचे नेमके शब्द काय आहेत, ते सांगा.

आता हिशेब. ताई, राग मानू नका, पण त्यात तीन चुका आहेत.

आपण 15 टक्के 7,320 वर काढले, म्हणजे पोहोच शुल्कावरही रीस्टॉकिंग लावले. गोदामात परत आला तो देव्हारा, पोहोच शुल्क नव्हे. शुल्क 6,800 वरच निघेल, म्हणजे 1,020.

दुसरे असे की, जाण्याच्या वाहतुकीचे आपण ग्राहकाकडून 520 घेतले होते. कुरियरने आपल्याला 690 लावले आणि वरचे 170 आपण सोसले, कारण ग्राहक मिळवण्यासाठी दर कमी दाखवण्याचा तो आपला निर्णय होता. परतीच्या वेळी त्याच्याकडून 690 वसूल करणे म्हणजे विक्रीच्या वेळी दिलेली सवलत मागच्या दाराने काढून घेणे होय. वजा होतील ते 520.

तिसरी चूक गेटवेचे 173. सुमारे 2 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी असा तो आकडा दिसतो. गेटवे सहसा ही रक्कम आपल्याला परत देत नाही, हे खरे आहे. पण आपल्या अटींत तिचा उल्लेख नसेल, तर ती ग्राहकाच्या माथी मारता येत नाही.

या तीन चुकांचे 78, 170 आणि 173 मिळून 421 रुपये होतात. म्हणजे आपल्याच अटी तंतोतंत लावल्या, तरी परतावा 5,037 हवा होता.

राबाळेकर_देव्हारे

421 रुपयांचा फरक माझ्या लक्षात आला नव्हता, हे मान्य करते. अट अशी आहे: "वस्तू सदोष नसल्यास परतीवर 15 टक्क्यांपर्यंत रीस्टॉकिंग शुल्क आणि दोन्ही बाजूंचा वाहतूक खर्च ग्राहकाने द्यायचा आहे." पैसे भरण्याच्या पानावर तिच्यासमोर खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ऑर्डर पक्की झाल्याच्या ईमेलमध्येही ती आहे. गेटवेबद्दल त्यात काही नाही.

डोंबिवली_हँडलूम

माझा साड्यांचा व्यवसाय आहे आणि मी रोख परतावा पूर्णपणे बंद केला आहे. परत आलेल्या मालाच्या पूर्ण किमतीचे कूपन द्यावे, ग्राहक पुन्हा आपल्याकडेच येतो आणि कपातीचा प्रश्नच उरत नाही. आपणही त्यांना 6,800 चे कूपन द्या. गेल्या दिवाळीत माझ्याकडे परत आलेल्या अकरा साड्यांपैकी नऊ कूपनांवर नवीन खरेदी झाली.

वाशीचा_हिशेबनीस

साडी वर्षातून चार वेळा घेतली जाते, देव्हारा मात्र घरात एकदाच येतो. शिवाय अटींत रोख परतावा लिहिलेला असताना आता कूपन पुढे केले, तर नवा वाद उभा राहील.

ताई, आपल्या अटीत "15 टक्क्यांपर्यंत" असा शब्द आहे, आणि पत्राची खरी गुरुकिल्ली तीच आहे. 15 टक्के ही कमाल मर्यादा झाली. मग या देव्हाऱ्यावर पूर्ण 15 टक्केच का लावले, याचे उत्तर आपल्याला देता आले पाहिजे. तो पुन्हा विकण्याजोगा करायला प्रत्यक्षात किती खर्च आला? आणि तो खराब झाला असेल तर कुठे, कसा आणि कोणाच्या हातून?

राबाळेकर_देव्हारे

आज सकाळी पुन्हा खोलून पाहिला. कळसाखालच्या पुढच्या पट्टीवर साधारण बोटभर लांबीचे पॉलिश खरवडले गेले आहे आणि तिथे पांढरट लाकूड दिसते. परतीची विनंती करताना ग्राहकाने जो फोटो पाठवला होता, त्यातही ती खूण आहे, म्हणजे कोनाड्यात सरकवताना वरच्या कडेला घासून ती पडली असावी. त्यांनी फोमचे कोपरे टाकून दिले होते आणि खोका एका बाजूने दबला आहे. पॉलिश करणाऱ्याने 340 घेतले, नवीन पाच पदरी खोका 190 चा आणि फोम, बबल रॅप मिळून 110. एकूण 640 रुपये.

वाशीचा_हिशेबनीस

परतीच्या आधीच्या फोटोत खूण आहे, ही फार महत्त्वाची गोष्ट आपण आत्ता सांगितली. परत आणणारे कुरियर आपण ठरवले होते. ओरखडा त्या प्रवासात पडला असता, तर ग्राहकाकडे बोट दाखवता आले नसते, कुरियरकडे नुकसानभरपाई मागावी लागली असती. खोका कुठे दबला हे मात्र आपल्याला ठाऊक नाही, म्हणून पत्रात खोका दबल्याचा उल्लेख करू नका. एकदा खोलून पुन्हा बांधलेला खोका नव्या ग्राहकाला पाठवता येत नाही, एवढे कारण पुरेसे आहे.

माझे मत विचाराल तर शुल्क 640 च घ्या. 2019 च्या कायद्यात अनुचित कराराची कल्पना आहे आणि नुकसानीशी अजिबात मेळ नसलेला दंड तिच्यात येतो. परतीच्या शुल्काला ती थेट लागू होते का, यावर वाद होऊ शकतो. पण 640 चा खर्च दाखवून 1,020 कापणाऱ्याला तो वाद हवाच कशाला?

नौपाडा_ट्रेडर्स

मी याच्याशी सहमत नाही. अट 15 टक्क्यांची आहे आणि ग्राहकाने ती मान्य केली आहे, मग 1,020 घ्यावेत. देव्हारा उघडणे, तपासणे, फोटो काढून पुन्हा विक्रीला लावणे यात अर्धा दिवस जातो आणि त्या वेळेचे मोल या 640 मध्ये कुठेच नाही. असा उदारपणा दाखवला, तर उद्या लोक घरी आणून मापे बघतील आणि परत करतील. ठाण्यात माझे दुकान वीस वर्षे आहे, अनुभवाने सांगतो.

राबाळेकर_देव्हारे

वेळेचा मुद्दा मलाही पटतो. पण माझ्याकडे त्या वेळेचा कागद नाही, आणि ते लेखी मागत आहेत. 640 च्या तीन पावत्या आहेत. कागद असलेलेच लिहिते.

खारघर_लॉ

30 दिवसांबद्दल माझी गल्लत झाली, दुरुस्ती मान्य. पण एक प्रश्न अजून कोणीच विचारला नाही. देव्हारा कोनाड्यात का बसला नाही? ग्राहकाने माप चुकीचे घेतले, की संकेतस्थळावर माप चुकीचे लिहिले होते? वर्णनाप्रमाणे वस्तू नसेल, तर त्याच ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला ती परत घेणे आणि पैसे देणे नाकारता येत नाही, आणि अशा वेळी 15 टक्के काय, 1 टक्काही कापता येणार नाही.

राबाळेकर_देव्हारे

वर्णनात "कळस वगळून उंची 21 इंच, कळस 3 इंच" असे लिहिले आहे. ईमेलमध्येही तेच वाक्य गेले आहे. त्यांचा कोनाडा 23 इंचांचा आहे. मात्र पहिल्या फोटोवर बाणाने नुसते "21 इंच" दाखवले आहे आणि बाण कळसाच्या खाली थांबतो. तो फोटो बदलायला हवा, हे आता दिसते आहे. कळस वेगळा निघतो, तो स्क्रूने बसवलेला आहे, पण कळसाशिवाय देव्हारा त्यांना नको होता आणि ते मला समजते.

खारघर_लॉ

मग माझ्या मते पूर्ण पैसे द्यायला हवेत. लोक फोटो पाहून घेतात, खालची तिसरी ओळ वाचून नव्हे.

नौपाडा_ट्रेडर्स

बाण कळसाच्या खाली थांबतो असे त्या स्वतः सांगत आहेत. त्याहून स्पष्ट काय असते? वर्णनातही लिहिले आहे, ईमेलमध्येही लिहिले आहे.

वाशीचा_हिशेबनीस

या दोघांचा वाद मिटेल असे मला वाटत नाही. प्रकरण ठाण्याच्या किंवा कोल्हापूरच्या आयोगापुढे गेले, तर तिथेही दोन्ही बाजू मांडता येतील, आणि ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हे लक्षात ठेवा. ताई, निर्णय आपला. पत्रात मात्र हा मुद्दा लपवू नका. मापाचे वाक्य कुठे होते ते लिहा आणि फोटो अपुरा होता हेही लिहा. त्यांनी तो फोटो उद्या स्वतःच पुढे केला, तर आपल्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जाईल.

आता 743 बद्दल. हा आकडा ग्राहकाला सर्वांत जास्त खटकणार, कारण देव्हाऱ्याचे वजन किती असेल?

राबाळेकर_देव्हारे

खोक्यासह साडेसात किलो. कुरियरने 18 किलोचे पैसे लावले, हे मलाही आरंभी विचित्र वाटले होते. त्यांनी सांगितले की आकारमानाचे वजन धरतात.

वाशीचा_हिशेबनीस

तेच पत्रात उलगडून सांगा. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागायचे, येणारे किलो आणि प्रत्यक्ष वजन यांतले जे जास्त, त्यावर आकारणी होते. काही कुरियर 5000 ऐवजी 4000 किंवा 4500 ने भागतात, तेव्हा आपल्या कुरियरच्या बिलावर काय आहे ते पाहा. बिलाचा फोटो पत्राला जोडा. आकडा आपण काढलेला नाही, हे त्यावरून दिसते.

राबाळेकर_देव्हारे

बिलावर 5000 आहे. खोका 60, 45 आणि 32 सेंटिमीटर. गुणाकार 86,400, म्हणजे 17.28 आणि पुढे 18 किलो. किलोला 35 प्रमाणे 630 आणि त्यावर 18 टक्के कर, 743.40. आम्ही 743 धरले. आकडा जुळतो.

ऐरोली_अकाउंट्स

एक शंका. आपण जीएसटी नोंदणीकृत असाल, तर कुरियरवरच्या 113 रुपये 40 पैशांच्या कराचा परतलाभ आपल्याला मिळत असणार. मग आपला खरा खर्च 630 च आहे. ग्राहकाकडून 743 घेणे योग्य आहे का? आणि परत आलेल्या विक्रीची क्रेडिट नोट पूर्ण रकमेची करून शुल्काचे वेगळे बिल करणार, की कमी रकमेचीच क्रेडिट नोट करणार? दोन्ही पद्धती मी पाहिल्या आहेत.

वाशीचा_हिशेबनीस

क्रेडिट नोटेचा प्रश्न त्यांच्या सीएने ठरवावा, कारण वसूल केलेल्या शुल्कावरच्या कराचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. 630 की 743, हेही त्याच उत्तरावर ठरेल, कारण वसूल केलेल्या वाहतुकीवर कर भरावा लागला, तर 743 च्या जवळच आकडा येतो. आज पत्र थांबवू नका. सीएने उद्या 630 सांगितले, तर फरक पाठवता येईल.

पत्राबद्दल एवढेच सांगतो. "कंपनीच्या धोरणानुसार" आणि "कृपया नोंद घ्यावी" हे दोन्ही शब्दप्रयोग काढा. वाचणाऱ्याला त्यातून "विचारू नका" असे ऐकू येते. "रीस्टॉकिंग" हा शब्द अटीत आहे म्हणून एकदा लिहा, पण त्याचा अर्थ म्हणून झालेले काम सांगा. किती पैसे आले आणि किती येणार आहेत हे पहिल्याच वाक्यात असू द्या, कारण ग्राहक पत्र उघडतो तो त्यासाठीच.

राबाळेकर_देव्हारे

सर्वांचे आभार. कच्चा मसुदा खाली देत आहे. आधी 4,616 पाठवले होते, नव्या हिशेबाने 5,417 होतात, म्हणून आज 801 पाठवले आहेत.

"नमस्कार. आपल्या परताव्याचे 801 रुपये आज यूपीआयने पाठवले आहेत. आधीचे 4,616 धरून आपल्याला एकूण 5,417 रुपये मिळतात. आधीच्या हिशेबात आमच्याकडून चूक झाली होती, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. दोन्ही व्यवहारांचे 12 अंकी संदर्भ क्रमांक खाली दिले आहेत. रक्कम दिसली नाही, तर तो क्रमांक आपल्या बँकेला दाखवावा.

आपण 7,320 रुपये भरले होते, 6,800 देव्हाऱ्याचे आणि 520 पोहोच शुल्काचे. त्यातून 1,903 रुपये वजा झाले आहेत. देव्हारा आपल्या घरी पोहोचवण्याचे आपण भरलेले 520 रुपये त्या सेवेसाठी खर्च झाले. आम्हाला कुरियरला त्याहून जास्त द्यावे लागले, पण तो फरक आपल्याकडून घेतलेला नाही. परत आणण्याचे 743 रुपये झाले. देव्हाऱ्याचे वजन खोक्यासह साडेसात किलो असले, तरी कुरियर मोठ्या खोक्याची आकारणी त्याने व्यापलेल्या जागेवरून करते. 60, 45 आणि 32 सेंटिमीटरच्या आपल्या खोक्याचे त्यांनी 18 किलो धरले. त्यांचे बिल सोबत जोडले आहे.

उरलेले 640 रुपये, म्हणजे अटीतील रीस्टॉकिंग शुल्क, देव्हारा पुन्हा विकण्याजोगा करण्याचा खर्च आहे. कळसाखालच्या पट्टीवर पॉलिश गेले होते, आपण परतीच्या वेळी पाठवलेल्या फोटोत ती खूण दिसते. ती दुरुस्त करण्याचे 340, नव्या खोक्याचे 190 आणि फोम व बबल रॅपचे 110 रुपये झाले. तिन्ही पावत्या जोडल्या आहेत. अटीनुसार हे शुल्क 15 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 1,020 रुपयांपर्यंत घेता येते. आम्ही झालेला खर्चच घेतला आहे. पेमेंट गेटवेचे शुल्क आम्ही सोसले आहे.

मापाबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. वर्णनात आणि आपल्या ऑर्डरच्या ईमेलमध्ये 'कळस वगळून उंची 21 इंच, कळस 3 इंच' असे लिहिले होते, परंतु पहिल्या फोटोवर फक्त 21 इंच दाखवले होते. तो फोटो आम्ही बदलत आहोत. या फोटोमुळे आपली दिशाभूल झाली असे आपल्याला वाटत असल्यास आम्हाला जरूर फोन करा, आम्ही त्यावर पुन्हा विचार करू."

नौपाडा_ट्रेडर्स

शेवटचे वाक्य काढा. स्वतःहून दार उघडे कशाला ठेवायचे?

खारघर_लॉ

उलट तेच वाक्य सर्वांत आधी हवे होते. बाकीचे पत्र चांगले आहे.

वाशीचा_हिशेबनीस

ठेवा. फक्त "पुन्हा विचार करू" याऐवजी कोण विचार करणार आणि किती दिवसांत, ते लिहा. नाव द्या आणि आठवड्याची मुदत द्या.

राबाळेकर_देव्हारे

माझे नाव आणि सात दिवसांची मुदत घातली. पत्र 6 वाजून 10 मिनिटांनी गेले. आता पहिल्या फोटोवर कळसाच्या टोकापर्यंत दुसरा बाण काढायला बसले आहे, 24 इंचांचा.